प्रतिसाद: भरती दोनदा का आणि उधाण कधी

> चंद्र तर एकाच बाजूला असतो, मग भरती दिवसातून दोनदा कशी? आणि अमावस्येला पण उधाण का?

सगळा खेळ ओढीतल्या फरकाचा आहे. चंद्राकडचं पाणी जवळ म्हणून पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त ओढलं जातं, आणि पलीकडचं कमी, म्हणजे तिकडं पृथ्वीच चंद्राकडं जरा जास्त सरकते नि पाणी मागं राहतं, म्हणून फुगवटा दोन्हीकडं. पृथ्वी फिरताना बहुतेक किनारे दोन्ही फुगवट्यांतून जातात. तेवढ्यात चंद्रही पुढं गेलेला असतो, म्हणून आपण कराडवरनं कुंभार्ली उतरून गुहागरला गेलो आणि दुपारी १२ ला भरती असली तर पुढची रात्री साधारण १२.२५ ला.

सूर्याचंही असंच, पण तो ३९० पट लांब, आणि हा फरक अंतराच्या घनाने घटतो, त्यामुळं एवढा अवाढव्य असूनही त्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमीच. अमावस्येला दोघं एका बाजूला, पौर्णिमेला समोरासमोर, पण फुगवटे दोन्हीकडं असल्यानं दोन्ही वेळा बेरीजच होते. अष्टमीच्या सुमाराला काटकोनात येतात, तेव्हा भांगाची भरती, पाणी कमी चढतं. आणि उधाण नेमकं तिथीलाच येत नाही, बऱ्याच ठिकाणी एक-दोन दिवस उशिरा येतं, ट्रिप ठरवताना तेवढं बघा.