‘विश्वास अंतराल’ आणि ‘सार्थक’: चोवीस मुलांच्या निकालाला शब्द कुठला लावायचा?

खानापूरची बाई

माझ्या एम.ए. मानसशास्त्राच्या प्रकल्पाचा अहवाल इंग्रजीत देऊन झाला. आता शाळेच्या वार्षिक अंकासाठी तोच दोन पानांत मराठीत लिहायचाय. पालक वाचणार, म्हणून शब्दांशी अडलेय.

प्रयोग छोटाच. दहावीची २४ मुलं, चिठ्ठ्या टाकून बारा-बाराचे दोन गट. एका गटाने दोन आठवडे रोज पाच मिनिटं संथ श्वसन केलं, दुसऱ्याने तेवढाच वेळ गोष्टीचं पुस्तक वाचलं. सराव परीक्षेच्या सकाळी दहा प्रश्नांची चिंतेची प्रश्नावली भरून घेतली, गुण ० ते ४०. श्वसनवाल्यांची सरासरी १७.२, वाचनवाल्यांची २१.३. गुणांचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, दोन्हीकडे साधारण ५.

सॉफ्टवेअरने पी मूल्य ०.०५७ दिलं. खरा फरक कुठून कुठवर असू शकतो ते अंतराल मी हातानेच काढलं: ०.१ ते ८.१. मराठीत असं लिहिलं: ‘फरक सार्थक आढळला नाही. ९५ टक्के आत्मविश्वास अंतराल ०.१ ते ८.१.’ इंग्रजी अहवालात हेच ‘सिग्निफिकंट’ आणि ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ होते. आमच्या अंकाचे संपादक म्हणाले, म्हणजे श्वसन निरर्थक ठरलं असंच ना? मला तसं म्हणायचं नव्हतं, खरं वाक्य तर तसंच वाचलं जातंय. काय लिहू?

योगवर्ग, शहापूर

बाई, अभिनंदन! पाच मिनिटांच्या श्वसनाने मुलांचा आत्मविश्वास ९५ टक्के झाला ही मोठीच गोष्ट. आमच्या वर्गात एक मुलगी तोंडी परीक्षेला थरथरायची. तीन महिने अनुलोम-विलोम केलं, यंदा स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन तिने केलं. हेही अंकात घ्या की.

मुद्रितशोधक

बघा, पहिल्याच वाचकाने काय वाचलं ते. ‘आत्मविश्वास’ आधी काढा. मानसशास्त्राच्या लेखात तर तो शब्द मुलांच्या मनातल्या गोष्टीसाठी राखीव आहे. तुम्ही मोजलीय चिंता आणि वाक्यात आलाय आत्मविश्वास. वाचकाला वाटणार दोन गोष्टी मोजल्या.

काही पुस्तकांत ‘विश्वसनीयता’ लावून हेच नाव केलेलं दिसतं. तेही इथे चालणार नाही. प्रश्नावली पुन्हा भरून घेतली तर तेच गुण येतात का, त्या गुणधर्माला मानसशास्त्रवाले विश्वसनीयता म्हणतात. एकाच पानावर दोन अर्थांनी आली तर गोंधळ होणार. राहिला ‘विश्वास अंतराल’. ऐकायला जड आहे, पण जागा तरी कुणाची अडवत नाही.

घटप्रभा

आमच्या घरी अर्धी कन्नड, अर्धी मराठी. कन्नडमध्ये ‘प्रीती-विश्वास’ असं जोडीनं म्हणतात, म्हणजे जिव्हाळा. भरवशाला नंबिके. ‘९५ टक्के विश्वास’ ऐकून माझ्या सासूबाई म्हणतील, उरलेल्या पाच टक्क्यांचं भांडण कशावरून झालं?

निपाणीचा पंत

मी बाजार सर्वेक्षणात काम करतो, रोजचं आहे हे. पी ०.०५७ म्हणजे फरक योगायोगाने पडला असण्याची शक्यता ५.७ टक्के. अंतराल म्हणजे खरा फरक ०.१ ते ८.१ च्या मध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के. आता बघा, अंतरालात शून्य नाही, म्हणजे फरक आहेच. पी टाकून द्या, अंतराल तेवढं छापा. आता मानसशास्त्राची बरीच मासिकंही अंतराल मागतात.

अण्णा, तिळकवाडी

पंत, अंतराल छापा हे बरोबर. बाकीचं थांबवा.

बाई, शब्दाआधी आकडा. पी ०.०५ च्या वर आहे आणि ९५ टक्क्यांच्या अंतरालात शून्य नाही, हे एकाच गणितातून येऊ शकत नाही. दोन्ही एकाच फरकावरून आणि एकाच प्रमाण त्रुटीवरून, म्हणजे तो फरक किती डळमळीत आहे त्या मापावरून निघतात. ती एकमेकांविरुद्ध साक्ष द्यायला लागली की समजायचं, दोन ठिकाणी दोन मापं वापरलीत. तुम्ही १.९६ ने गुणलं असणार.

खानापूरची बाई

होय की! प्रमाण त्रुटी २.०४ आली, तिला १.९६ ने गुणलं, ४.० झाले. ४.१ मधून वजा आणि अधिक. पुस्तकात १.९६ च होतं.

अण्णा, तिळकवाडी

पुस्तक मोठ्या नमुन्याबद्दल बोलतंय. १.९६ तेव्हा चालतो, जेव्हा गुणांचा पसारा किती हे पक्कं ठाऊक असतं किंवा मुलं इतकी असतात की अंदाज पक्क्यासारखाच होतो. तुमचा ५ हा आकडा याच २४ मुलांवरून काढलेला. तो स्वतःच डळमळीत, म्हणून अंतराल थोडं रुंद धरावं लागतं. २४ मुलं, दोन सरासऱ्या काढल्या, उरले २२. टी-तक्त्यात २२ ची ओळ बघा, २.०७ मिळेल. पाच-पाच मुलांचे गट असते तर ८ ची ओळ, तिथे २.३१ आहे. नमुना जितका लहान तितकी १.९६ ची चूक महाग पडते. संगणकावर आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर असेल तर ही एक ओळ पुरे:

```
4.1 + c(-1, 1) * qt(0.975, 22) * 5 * sqrt(2/12)
```

उत्तर −०.१३ आणि ८.३३ येईल. छापताना −०.१ ते ८.३. आता शून्य आत आलं आणि पी ०.०५७ शी भांडण मिटलं.

निपाणीचा पंत

मग तर फरक नाहीच. विषय संपला.

अण्णा, तिळकवाडी

दोन मिनिटांपूर्वी ‘आहेच’ म्हणत होता, आता ‘नाहीच’. डोळ्यासमोर तीच मुलं, तेच गुण, ०.१ चं −०.१ झालं एवढंच. या उडीसाठीच ‘सार्थक’ शब्दावर माझा राग आहे. ‘जन्माचं सार्थक झालं’ म्हणणाऱ्या माणसाला ‘सार्थक नाही’ याचा अर्थ ‘फुकट गेलं’ असाच लागणार. संपादकांची चूक नाही.

पी ला काय विचारलं होतं ते बघा. समजा श्वसनाने काडीचाही फरक पडत नाही. मग २४ मुलांचे गुण चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकले आणि डोळे मिटून बारा-बाराचे दोन ढीग केले, असं धरायला हरकत नाही. असं शंभरदा केलं तर पाच-सहा वेळा दोन ढिगांत ४.१ किंवा त्याहून मोठा फरक निघेल, या बाजूला किंवा त्या. पी एवढंच सांगतो. ‘योगायोग असण्याची शक्यता ५.७ टक्के’ हे वेगळं वाक्य आहे, कारण इथे योगायोग आधीच गृहीत धरलाय. धरून चाललेल्या गोष्टीची शक्यता त्यातूनच कशी निघेल?

घटप्रभा

आणि अंतरालाचं? पंतांचं तेही चुकलं का?

अण्णा, तिळकवाडी

थोडं. खुडूक कोंबडी अंधारात कोपऱ्यात बसलीय, हलत नाही. तुम्ही अंदाजाने डालगं टाकता. डालग्याचा घेर असा ठरवलाय की शंभरदा टाकलं तर ९५ वेळा कोंबडी आत सापडावी. ९५ हा तुमच्या टाकण्याच्या पद्धतीचा हिशेब. एकदा टाकून झालं की कोंबडी आत आहे किंवा नाही, आणि दिवा लावल्याशिवाय कळत नाही. संख्याशास्त्रज्ञ नेमान यांनी १९३७ मध्ये अंतराल मांडलं ते याच अर्थाने. कोंबडी म्हणजे खरा फरक, डालगं म्हणजे −०.१ ते ८.३.

पी ०.०५ च्या खाली की वर, एवढंच बघणारा माणूस फक्त एक गोष्ट विचारतो: उंबरा डालग्याखाली आलाय का? उंबरा म्हणजे शून्य. डालगं केवढं आहे आणि दुसरी कड कुठं गेलीय, हे तो विचारतच नाही. तुमची दुसरी कड ८.३ वर आहे. चाळीसच्या मापावर आठ गुण म्हणजे खूप.

मुद्रितशोधक

मग ‘विश्वास’ शब्दच काढून टाकू. ‘९५ टक्के पल्ला’ कसं वाटतं? आवाजाचा पल्ला, तोफेचा पल्ला. कुठून कुठवर, हे लगेच कळतं.

निपाणीचा पंत

पल्ला म्हणजे लांबचं अंतरही. ‘लांब पल्ल्याची गाडी’. ‘९५ टक्के पल्ला’ वाचून लोकांना वाटेल ९५ टक्के रस्ता कापला.

मुद्रितशोधक

बरं, ‘अंदाजाचा पल्ला’. आणि ९५ टक्के वाक्यात वेगळे सांगायचे.

खानापूरची बाई

‘अंदाजाचा पल्ला’ मला पटतंय. पण अण्णा, मग पी टाकून देऊ का? मार्गदर्शक म्हणतात, दोन्ही हवेत.

अण्णा, तिळकवाडी

इंग्रजी अहवालात दोन्ही ठेवा, पी पूर्ण आकड्यात, नुसता ‘०.०५ पेक्षा जास्त’ असा नको. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची लेखन-नियमावलीही परिणामाच्या आकाराबरोबर अंतराल द्यायला सांगते. ‘बेसिक अँड अप्लाइड सोशल सायकॉलॉजी’ या मासिकाने २०१५ मध्ये पी बंद केला आणि अंतरालालाही दार लावलं. मला ते टोकाचं वाटतं. मासिकाने दार लावलं म्हणून २४ मुलांची अनिश्चितता जाते थोडीच.

पालकांच्या अंकात मात्र पल्ला पुरे. एक मला सांगा. वर्गात शिकवताना किती गुणांचा फरक तुमच्या डोळ्यांना दिसतो?

खानापूरची बाई

तीनेक गुणांचा. त्याहून कमी असेल तर मूल तसंच नखं खात बसलेलं असतं.

अण्णा, तिळकवाडी

मग वाक्य तिथूनच निघतं. पल्ल्यात तीनच्या खालचे आकडे आहेत आणि वरचेही. म्हणून ‘उपयोग होतो’ म्हणता येत नाही आणि ‘होत नाही’ही म्हणता येत नाही. पल्ला अर्धा करायचा तर साधारण चौपट मुलं लागतील, म्हणजे ९६. खानापूर तालुक्यातल्या चार-पाच शाळा एकत्र आल्या तर जमेल.

आणि हेही लिहा, कृपा करून. पल्ला फक्त चिठ्ठ्यांच्या नशिबाचा हिशेब धरतो. श्वसन करणाऱ्या मुलांना बाईंना खूश करायचं होतं म्हणून त्यांनी चिंता कमी लिहिली असेल, तर तो दोष −०.१ ते ८.३ मध्ये कुठेच दिसत नाही. प्रश्नावली कुणी भरून घेतली?

खानापूरची बाई

मीच. श्वसनही मीच घ्यायचे.

अण्णा, तिळकवाडी

तेच म्हणतोय.

योगवर्ग, शहापूर

पण आमच्या वर्गातल्या त्या मुलीचं सूत्रसंचालन खरंच छान झालं होतं. त्याला पल्ला नाही का?

घटप्रभा

एकाच मुलीचा पसारा काढता येत नाही, दादा. अण्णांच्या हिशेबात एकातून एक गेला की शून्याची ओळ बघायला लागेल.

खानापूरची बाई

हे असं लिहिलंय, बघा: ‘संथ श्वसन करणाऱ्या बारा मुलांची चिंता वाचन करणाऱ्या बारा मुलांपेक्षा सरासरी ४.१ गुणांनी कमी होती. एवढ्या कमी मुलांवरून खरा फरक नेमका सांगता येत नाही. आमच्या अंदाजाचा पल्ला अगदी नगण्य फरकापासून आठ गुणांपर्यंत जातो. असा पल्ला काढण्याची पद्धत शंभरातल्या ९५ वेळा खऱ्या फरकाला पकडते. मात्र श्वसन आणि प्रश्नावली दोन्ही एकाच शिक्षिकेने घेतल्यामुळे काही मुलांनी उत्तरं सौम्य दिली असणं शक्य आहे.’

मुद्रितशोधक

‘अगदी नगण्य फरकापासून’ नको. खालची कड शून्याच्याही पलीकडे, किंचित उलट बाजूला आहे ना? ‘फरक नसण्यापासून’ लिहा.

निपाणीचा पंत

‘पकडते’ पण नको. पोलीस पकडतात.

खानापूरची बाई

पहिलं बदललं. ‘पकडते’ राहू दे, कोंबडी पकडतातच की. संपादक आता म्हणतायत, ‘सार्थक’ शब्द नसेल तर लेख शास्त्रीय वाटत नाही.