‘भोग्य दशा’ : भोगावयाची की उरलेली?

शब्दवेडी : आईच्या कपाटात तिच्या जन्माच्या दोन जुन्या पत्रिका सापडल्या. जन्मतारीख, वेळ आणि स्थळ दोन्हींत अगदी तेच आहे. पहिलीच्या तळाशी ‘आर्द्रा नक्षत्र, द्वितीय चरण, अक्षर घ, विंशोत्तरी राहू भोग्य १३-६-०’ अशी ओळ आहे, तर दुसरीत ‘आर्द्रा, तृतीय चरण, अक्षर ङ, राहू भोग्य ८-१-६’ असे लिहिलेले आहे. आई आता ६२ वर्षांची आहे. ‘भोग्य’ म्हणजे भोगावयाचे, एवढाच अर्थ आम्हांला ठाऊक असल्यामुळे राहूची तेरा वर्षे अजून तिच्यापुढे आहेत असे तिने मनाशी धरले आहे आणि ती खरोखर धास्तावली आहे. या शब्दाचा येथे नेमका अर्थ काय, आणि दोन पत्रिकांतील आकडे वेगळे का, हे कोणी सांगू शकेल का?

धातुपाठ : फलज्योतिषावर माझा विश्वास नाही, पण शब्दाबद्दल खात्रीने सांगतो. ‘भुक्त’ आणि ‘भोग्य’ हे दोन्ही शब्द भुज् धातूपासून आले आहेत. ‘भुक्त’ म्हणजे जे भोगून झाले ते, आणि ‘भोग्य’ म्हणजे जे अजून भोगावयाचे राहिले आहे ते. ‘कृत’ आणि ‘कार्य’ यांत जे नाते आहे तेच येथे आहे. याच धातूचे ‘भोज्य’ हे रूप पाणिनीने खाण्याच्या पदार्थापुरते राखून ठेवले आणि इतर अर्थांसाठी ‘भोग्य’ राहिले. आपली अडचण मराठीने केली आहे. ‘नशिबाचे भोग’, ‘भोग सरले’ अशा प्रयोगांमुळे मराठी कानाला भोग म्हटले की दुःखच ऐकू येते. संस्कृतात भोग म्हणजे उपभोग किंवा अनुभव, आणि आपल्याच पंचांगात तर ग्रहाचे राशिचक्रातील स्थान दाखवणाऱ्या अंशांनाही ‘भोग’ म्हणतात. तेथे सुख नाही आणि दुःखही नाही. म्हणून ‘राहू भोग्य’ याचा अर्थ ‘राहूचे भोग’ असा घेऊ नये.

निरंजना : शब्दाचा उलगडा छान झाला. गणित सोपे आहे. विंशोत्तरी पद्धतीत आयुष्याची वर्षे नऊ ग्रहांत दशा म्हणून वाटलेली असतात, आणि पहिली दशा जन्मनक्षत्राच्या स्वामीची असते. आर्द्रेचा स्वामी राहू, राहूची वर्षे अठरा आणि नक्षत्राचे चरण चार, म्हणजे एका चरणाला साडेचार वर्षे. दुसरा चरण म्हणजे एक चरण सरला, अठरातून साडेचार गेली आणि साडेतेरा राहिली. पहिली पत्रिका बरोबर आहे. दुसरीत तिसरा चरण आहे, तेव्हा नऊ वर्षे उरायला हवी होती. तेथे ८-१-६ आले याचा अर्थ ती करणाऱ्याची चूक झाली असावी. त्या साडेतेरा वर्षांचे नऊ ग्रहांत वाटे पाडून पहिला वाटा राहूला दिला, की अंतर्दशाही मिळतात.

घटिकापळे : निरंजनाताई, आपली सुरुवात बरोबर आहे, पण चरण हे फार ढोबळ माप आहे. पहिल्या पत्रिकेत ते जुळले याचे कारण एवढेच की चंद्र नेमका दुसऱ्या चरणाच्या आरंभबिंदूवर आहे. एरवी चरणाच्या आत चंद्र किती पुढे सरकला आहे हे पाहावेच लागते.

गणित असे चालते. प्रत्येक नक्षत्र १३ अंश २० कलांचे, म्हणजे ८०० कलांचे असते. आर्द्रा मिथुनेच्या ६ अंश ४० कलांपासून २० अंशांपर्यंत पसरलेली आहे. पहिल्या पत्रिकेत चंद्र मिथुनेच्या १० अंशांवर असणार, म्हणजे आर्द्रेत तो २०० कला चालून आला आहे. ८०० पैकी २०० म्हणजे पाव भाग, अठरा वर्षांचा पाव म्हणजे साडेचार वर्षे भुक्त आणि उरलेली साडेतेरा भोग्य. ही उरलेली वर्षे जन्माच्या क्षणी उरलेली आहेत, आजच्या तारखेला नव्हे. पंचांगावरून हेच करताना नक्षत्र लागल्यापासून जन्मापर्यंतच्या घटिका घेतात, त्यांना भयात म्हणतात, आणि त्या नक्षत्राच्या एकूण घटिकांनी, म्हणजे भभोगाने, भागतात. धातुपाठ म्हणतात तसा ‘भोग’ शब्द तेथेही केवळ मुक्कामाचा काळ दाखवतो.

दुसरी पत्रिका उलटी सोडवून पाहू. ८ वर्षे १ महिना ६ दिवस म्हणजे ८.१ वर्षे भोग्य, म्हणजे ९.९ वर्षे भुक्त, म्हणजे ८०० पैकी ४४० कला. चंद्र मिथुनेच्या १४ अंशांवर आला. दोन पत्रिकांत बरोबर ४ अंशांचे अंतर निघाले, आणि म्हणूनच मला येथे हातचूक दिसत नाही. राशिचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंशांवर धरायचा, ते अंश म्हणजे अयनांश, आणि चित्रापक्ष व रैवतपक्ष या पंचांगकर्त्यांच्या दोन मतांच्या अयनांशांत सुमारे इतकाच फरक आहे. टिळक पंचांग रैवतपक्षाचे आहे, दाते पंचांग चित्रापक्षाचे. आपल्या दुसऱ्या पत्रिकेत ‘ङ’ हे अक्षर आले आहे, त्यावरूनही माझा तर्क दृढ होतो. ङ वरून नाव ठेवता येत नाही, तेव्हा ते अक्षर अंदाजाने कोणी लिहिणार नाही. गणिताने तिसरा चरण आला म्हणूनच ते लिहिले गेले.

अंतर्दशांबाबत मात्र आपली पद्धत चुकीची आहे. वाटे उरलेल्या साडेतेरा वर्षांचे पाडायचे नसतात. पूर्ण अठरा वर्षांचे पाडायचे आणि जन्मापूर्वी सरलेले सोडून द्यायचे. राहूत राहू २ वर्षे ८ महिने १२ दिवस असतो, पुढे राहूत गुरू २ वर्षे ४ महिने २४ दिवस. साडेचार वर्षे सरलेली असतील तर जन्म राहूतल्या गुरूत होतो. कोणत्याही पत्रिकेत जन्मदशा अर्धवट उरलेली असूनही तिची पहिली अंतर्दशा त्याच ग्रहाची आणि नऊच्या नऊ अंतर्दशा लिहिलेल्या दिसल्या, की ही चूक झाली आहे असे समजावे.

वाटसरू : राहूचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या घरी दिनदर्शिकेत रोज दीड तासाचा राहुकाळ दिलेला असतो आणि त्या वेळी आम्ही नवे काम काढत नाही. राहूच्या महादशेत हा राहुकाळ अधिक कडक पाळावा लागतो का? माझी राहूची महादशा चौतिसाव्या वर्षी लागली. लागताच परदेशात नोकरी मिळाली, पगार वाढला, आणि चार वर्षांनी ज्या भागीदारावर डोळे मिटून विश्वास ठेवला त्याने फसवले. राहू चांगला की वाईट, हे मला आजही सांगता येत नाही.

घटिकापळे : राहुकाळाचा दशेशी संबंध नाही. तो दिनमानाचा आठवा भाग असतो, वारानुसार बदलतो आणि सर्वांना सारखाच लागू होतो. दशा प्रत्येकाच्या जन्मचंद्रावरून निघते. नाव एकच असल्यामुळे हा घोळ वारंवार होतो.

आपल्या अनुभवात मात्र राहूचे दोन्ही चेहरे दिसतात. राहूला पिंड नाही. तो पात आहे, चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जेथे छेदते तो बिंदू आहे. म्हणून परंपरा त्याला स्वतःचे असे फळ फारसे देत नाही. तो ज्या राशीत बसला तिचा स्वामी, त्याच्यासोबत बसलेले ग्रह आणि तो ज्या स्थानात आहे ते स्थान, यांचे फळ तो आपल्या पद्धतीने वाढवून देतो असे मानतात. तिसऱ्या, सहाव्या, दहाव्या किंवा अकराव्या स्थानी तो असेल तर व्यवहारात उचल मिळते असा जाणत्यांचा समज आहे. त्याची खास रीत म्हणजे परके ते जवळ येणे: परका मुलूख, परकी भाषा, घराच्या रीतीबाहेरचा व्यवसाय, एकाएकी मिळालेली प्रतिष्ठा. आणि त्याच वाटेने संभ्रम येतो, म्हणजे जे दिसते ते तसे नसते. आपली नोकरी आणि आपला भागीदार एकाच दशेत यावेत, यात परंपरेला विसंगती वाटणार नाही. तरी राहू कोणत्या स्थानी आहे आणि राशिस्वामी कसा आहे हे पाहिल्याशिवाय मी याहून अधिक बोलणार नाही. ‘राहूची दशा आहे, सांभाळा’ एवढेच सांगून जो पत्रिका मिटतो, त्याने पत्रिका पाहिलेलीच नाही.

धातुपाठ : मला याचीच शंका येते. परदेशी नोकरी आणि फसवणूक चौतीस ते बावन्न या अठरा वर्षांत कोणाच्याही वाट्याला येऊ शकतात. गणित मी मान्य करतो, कारण ते तपासता येते. फळ कसे तपासायचे?

घटिकापळे : तुमचा आक्षेप मी उडवून लावणार नाही. फळ ही परंपरेने जपलेली वर्णने आहेत, सिद्ध केलेले नियम नव्हेत. माझा आग्रह एवढाच की फळ सांगण्याआधी तारीख तरी खरी असावी, आणि ती बहुधा नसते. राहूच्या नक्षत्रात एक कला म्हणजे सुमारे आठ दिवस. चंद्र तासाला सुमारे ३३ कला चालतो, तेव्हा जन्मवेळेत दहा मिनिटांची चूक असली तरी दशेचा आरंभ सुमारे दीड महिना सरकतो. वर्ष ३६५ दिवसांचे धरायचे की ३६० सावन दिवसांचे, हा वाद वेगळाच. तेवढ्याने पन्नाशीपर्यंत जवळजवळ नऊ महिन्यांचा फरक साचतो. ज्या गणिताला हा डळमळीत आधार आहे त्यावरून ‘अमुक तारखेला राहू लागला आणि त्याच आठवड्यात अमुक झाले’ असे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

शब्दवेडी : म्हणजे आईची राहूची दशा तिच्या बालपणीच सरली! पहिल्या पत्रिकेने साडेतेराव्या वर्षी, दुसरीने आठव्या. पुढे गुरूची सोळा, शनीची एकोणीस आणि बुधाची सतरा वर्षे मिळवून पाहिली, तर पहिलीने आज तिला बुध चालू आहे आणि दुसरीने केतू. तिला हे वाचून दाखवले तेव्हा ती आधी हसली आणि मग म्हणाली, “आठ वर्षांची होईपर्यंत बाबांच्या बदल्यांमुळे आम्ही तीन परभाषक गावी राहिलो. नंतर कुठेच गेलो नाही.” मग दुसरी पत्रिका खरी मानायची का?

घटिकापळे : एवढ्या एका आठवणीवर नको. उत्तर आधी कळले की आठवण त्या उत्तराकडे वळते, आणि बदलीच्या नोकरीतल्या बापाच्या प्रत्येक मुलाची राहूची दशा चालू नसते. आईंना वर्षे न सांगता आयुष्यातले पाच-सहा मोठे बदल वयासह लिहून काढायला सांगा, आणि मग दोन्ही पत्रिकांशी ताडून पाहा. मी स्वतः चित्रापक्ष वापरतो. पण माझ्या गुरूंनी आयुष्यभर रैवतपक्ष वापरला, आणि हा वाद माझ्याने मिटलेला नाही.

निरंजना : अंतर्दशांचे वाटे मी इतकी वर्षे चुकीचे पाडत होते. घरातल्या तीन पत्रिका आज पुन्हा मांडायला घेते. एक सुचवते : ‘भोग्य’ऐवजी ‘शेष दशा’ लिहिले तर ही भीती कोणालाच वाटणार नाही.

धातुपाठ : ‘शेष’ चालेल, तो वापरातही आहे. पण ‘भुक्त’ची जोडी ‘भोग्य’शीच जमते, तेव्हा जुना शब्द टाकून देण्याऐवजी त्यापुढे ‘जन्मवेळी’ हा एक शब्द जोडावा, असे मला वाटते.

शब्दवेडी : दोन्ही पत्रिकांवर पेन्सिलीने तसेच लिहिले आहे. आई आता वहीत बदल लिहायला बसली आहे. पहिली नोंद तिने विसाव्या वर्षाची केली आहे, आणि ती कोणती ते मला अजून दाखवत नाही.