दोन सेकंदांत वाचून होणारी ओळ

> थालीपिठाच्या रीलवरची ओळ वाचून होण्याआधीच निघून जाते, अशी तक्रार येते. काय करावे?

आपली ओळ बहुधा अशी असावी: 'एक वाटी ज्वारीच्या पिठात अर्धी वाटी बेसन आणि पाव वाटी तांदळाचे पीठ घालून नीट एकत्र करून घ्यावे.' हे सतरा शब्द झाले. प्रेक्षकाची नजर मात्र अधूनमधून परातीकडेही जाणार, त्यामुळे दोन सेकंदांत चार-पाच शब्दांपलीकडे काही पोहोचत नाही. घालणे आणि कालवणे हात दाखवतच आहेत, तेव्हा क्रियापदे गाळून फक्त न दिसणारे, म्हणजे प्रमाण, लिहावे:

ज्वारीचे पीठ १ वाटी
बेसन अर्धी वाटी
तांदळाचे पीठ पाव वाटी

प्रत्येक ओळ ते पीठ परातीत पडतानाच यावी आणि पूर्ण दोन सेकंद स्थिर राहावी. अक्षरे एकेक करून उमटवल्यास त्यातला निम्मा वेळ उमटण्यातच जातो. ओळ मोडावी लागलीच, तर 'पाव' वर आणि 'वाटी' खाली असे होऊ देऊ नये. शेवटी आवाज बंद करून रील घरातल्या अशा माणसाला एकदाच दाखवावी, ज्याने मजकूर पाहिलेला नाही, आणि बेसन किती ते विचारावे. स्वतःला ओळी पाठ असल्याने आपली परीक्षा इथे कुचकामी ठरते.