मदत हवी आहे: ज्येष्ठांच्या वाई सहलीचा दर १५ जणांवर धरू का?

पुण्याहून वाई-मेणवली, एका दिवसाची सहल, २० सीटर, १८ ज्येष्ठ आणि आम्ही दोघं. गाडी टोलसकट ११,०००, नाश्ता-जेवण-चहा माणशी ३५०, म्हणजे खर्च १८,००० आणि दर ठेवला ११५०. आदल्या रात्री तिघांनी रद्द केलं, पैसे परत दिले, गाडीभाडं तेवढंच, हातात उरले ३००.

सोय नीट होती, गाडीची पायरी उंच म्हणून लाकडी स्टूल नेलं, दीड तासावर टॉयलेटसाठी थांबलो, जेवण एकच्या आत, मेणवलीच्या घाटावर गुडघेदुखीवाल्यांना वरच बसवलं, गोळ्यांची आणि घरच्या नंबरांची यादी जवळ होती. त्यामुळे दुसरा सोबती कमी करायचा नाहीये.

१५ जणांवर काढला तर दर साधारण १३५० होतो, पेन्शनवाल्यांना जड जाईल. आजारपणामुळे ऐनवेळी रद्द झालं तर तुम्ही फक्त जेवणाचे पैसे परत देता, की वेटिंग लिस्ट ठेवता?