दहावीचं गणित : प्रकरण संपवून पुढे जावं की गणितं मिसळून सोडवावीत?

खानापूरची_आई :
मुलगी मराठी माध्यमात दहावीला आहे. घरी एका बैठकीत एकाच प्रकारची वीस गणितं करते, सगळी बरोबर. चाचणीत मात्र गडबड. परवा प्रश्न होता : शंकूच्या आकाराचा तंबू, त्रिज्या ७ मीटर, उंची २४ मीटर, कापड किती? हिने थेट घनफळ काढलं, १२३२. सूत्र अचूक, गुणाकार अचूक, उत्तर चूक.

कुणीतरी विषय मिसळायला सांगितलं, म्हणून वीस मिनिटं गणित, वीस कन्नड, वीस इतिहास असं केलं. पंधरा दिवसांत काही फरक नाही. चुकतंय कुठे?

रोज_थोडं :
मिसळणं चांगलंच असतं. सवय व्हायला वेळ द्या की.

निपाणीचा_मास्तर :
वेळेचा प्रश्न नव्हे ताई, मिसळलंय तेच चुकीचं. इतिहास आणि शंकू यांची गल्लत कोण करतंय? ज्यांची गल्लत होते ते शेजारी ठेवायचे. कापड म्हणजे वक्रपृष्ठफळ, त्याला तिरकी उंची लागते. ७ आणि २४ वरून ती २५ येते, कापड ५५० चौरस मीटर. पाठात वीसही गणितं घनफळाचीच असली की प्रश्न न वाचताच सूत्र ठरलेलं असतं. निवड करायचा सराव तिला मिळालेलाच नाही.

रोरर आणि टेलर या संशोधकांनी २००७ साली कॉलेजच्या मुलांना चार घनाकृतींचं घनफळ शिकवलं. सराव करताना एकेक प्रकार करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून करणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिल्यांची २०, दुसऱ्यांची ६३. म्हणून वहीत चुका वाढल्या तर लगेच घाबरू नका.

बारा गणितं चिठ्ठ्यांवर लिहा, धड्याचं नाव नको. पाणी मावणं, पत्रा लागणं, रंग देणं, सगळं पिसून घ्या. आधी फक्त 'काय काढायचं' एवढंच तोंडी सांगू दे. पण नवं सूत्र असेल तर पहिली चार-पाच एकाच प्रकारची. पायऱ्याच येत नसतील तर मिसळून नुसता गोंधळ.

बदलीवाला :
माझं कन्नडचं विचारतो. बेळगावात नोकरीला आलो. प, व, ष ही अक्षरं सारखीच दिसतात. शब्दही पाठ करतोय. सगळं मिसळू काय?

निपाणीचा_मास्तर :
ती तीन अक्षरं मिसळा, फरक डोळ्यांत भरेल. शब्दांच्या यादीत मिसळून फायदा होतोच असं नाही, उलट तोटाही दिसलाय. ते थोड्या दिवसांच्या अंतराने परत विचारा.

रोज_थोडं :
म्हणजे मी अर्धंच सांगितलं. पण परीक्षेला आठवडा उरला असताना हे सुरू करावं?

निपाणीचा_मास्तर :
मी नाही करत. मुलं बिथरतात. दुसरे शिक्षक करतातही.

खानापूरची_आई :
काल चिठ्ठ्या केल्या. बारापैकी सात बरोबर. चिडली. दोन चुका मात्र तिनेच पकडल्या, "ह्याला कापड लागतंय की!" म्हणत.