तालीम, तहसील, तपशील : एकाच साच्यातले?

अनुवादिनी :
एका उर्दू कथेचा अनुवाद करते आहे. त्यात म्हातारा मौलवी नातवाला म्हणतो, 'तालीम हासिल करो.' मी 'तालीम घे' असं लिहिलं. संपादकांनी खूण करून विचारलं, हा पोराला आखाड्यात धाडतोय की नाटकात? 'शिक्षण घे' केलं तर मौलवी शाळा तपासनिसासारखा बोलायला लागतो. हे घरी सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, 'तालीम' आणि 'मालूम' सख्खी भावंडं आहेत. शेजारच्या काकांनी ते तिथल्या तिथे खोडलं. त्यांच्या मते तालावर मेहनत करतात म्हणून तालीम. मौलवीच्या तोंडी काय घालू? आणि दोघांपैकी खरं कोणाचं?

पैलवान_करवीर :
काकांचं बरोबर आहे ताई. आमच्या कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे. मी लहानपणी पहाटे चारला जायचो, वस्ताद मोजायचे आणि त्या ठेक्यावर जोर-बैठका व्हायच्या. ताल नाही तर तालीम कसली?

परभणीकर :
पैलवान, ठेका खरा आहे, पण शब्द तिथून आलेला नाही. सासऱ्यांचं बरोबर आहे. हा शब्द अरबी, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आला.

तालीम जरा बाजूला ठेवा आणि रोजचे तीन शब्द एकाखाली एक लिहा : हाशील ('रडून काय हाशील?' मधलं), महसूल, तहसील. तिन्हींत टिकून काय राहिलं? ह, स, ल. हाशीलमधला श आपल्या जिभेचा, मुळात तो स. या तीन व्यंजनांत 'हाती येणं' एवढा अर्थ भरलेला आहे, पण नुसती ती उच्चारता येत नाहीत. स्वर आणि एखादं जादा अक्षर साच्यातून येतं.

पहिल्या व्यंजनाला आ, दुसऱ्याला इ दिली की करणारा किंवा होणारा : हासिल, म्हणजे जे हाती येतं ते. आधी म लावून दुसऱ्याला ऊ दिला की ज्यावर क्रिया झाली ते : महसूल, मिळवलेलं. आधी त लावून दुसऱ्याला ई दिली की क्रिया घडवून आणणं : तहसील, म्हणजे वसुली.

आता साचे तेच ठेवा. ह-स-ल काढून ऐन-ल-म घाला, ऐन हे अरबी अक्षर, अर्थ 'जाणणं'. आलिम म्हणजे जाणणारा, मालूम म्हणजे जाणलेलं, तालीम म्हणजे दुसऱ्याला जाणतं करणं. मालूमचं महसूलशी जे नातं, तेच तालीमचं तहसीलशी.

नवखा_वाचक :
सर, एक अडलं. तालीममधला साच्याचा त काढला तर ल आणि म दोनच उरतात. तिसरं अक्षर कुठे गेलं?

परभणीकर :
ऐन हे घशातून काढायचं व्यंजन आहे. आपल्याकडे ते नाही, म्हणून आपण गिळतो आणि त्या जागी स्वर लांबवतो. मुळात त-अ-लीम, म-अ-लूम असं काहीसं. तहसीलमध्ये ह जिथे बसलाय, तिथेच तालीममध्ये ऐन होता. पहिल्याच अक्षरानंतर असा लांब आ दिसला आणि व्यंजन कमी पडलं, की तिथे काही हरवलंय का बघायचं. 'तारीख' याच साच्यातला शब्द आहे. तिथे हमजा हे घशातलंच दुसरं अक्षर हरवलं.

नवखा_वाचक :
मग 'तपशील' पण? त लावलाय, ई आहे. प-श-ल?

परभणीकर :
वा! साचा बरोबर ओळखलात. फक्त अक्षरं मागे न्यायची : प चा फ, श चा स. फ-स-ल म्हणजे वेगळं करणं. तफसील म्हणजे सुटंसुटं करून सांगणं. फैसला याच घरातला, दोन बाजू वेगळ्या करणारा. फसली सालातली फसलसुद्धा.

नवखा_वाचक :
जमतंय! नजर, नाझर, मंजूर, नजराणा हे न-ज-र. आणि सरदार हा स-र-द.

परभणीकर :
पहिले तीन पक्के. मंजूरमधला न अनुस्वारात लपलाय, साचा महसूलचाच : 'नजरेखालून गेलेलं'. नजराणा मात्र त्या घरचा नाही. अरबीत आपल्या कानाला ज वाटणारी चार वेगळी अक्षरं आहेत. नजरेतलं एक, नजराण्यातलं दुसरं. नज्र म्हणजे नवस किंवा भेट. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, म्हणून नुसत्या मराठी स्पेलिंगवरून कुळ जुळवायला गेलं की असं फसतं. उर्दू शब्दकोशात मूळ अक्षर बघितल्याशिवाय हात घालू नये. आणि सरदार फारसी आहे, सर म्हणजे डोकं, दार म्हणजे धरणारा. फारसी या बाबतीत संस्कृतची बहीण, तिथे हे तीन अक्षरांचं गणित लागत नाही.

शब्दशुद्धी :
संस्कृतात हे सगळं आहेच की. कृ पासून कर्ता, कृत, कार्य, कारण. मग घरचं सोडून परक्यांचे साचे का गिरवायचे? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो उगाच का? मुजुमदाराचा अमात्य झाला. सावरकरांनी तारखेला दिनांक दिला. आणि तहसीलच का म्हणायचं, आपला तालुका आहे ना!

परभणीकर :
कृ चं उदाहरण चांगलं आहे, आत स्वर तिथेही बदलतो. पण संस्कृतात अर्थाचं बरंचसं काम मागेपुढे लागणारे उपसर्ग-प्रत्यय करतात, अरबीत व्यंजनांच्या मधल्या स्वरांवर फार भार असतो. तालुक्याबद्दल मात्र सांगावं लागेल : ऐन-ल-क, संबंध असणं. ताल्लुक. इथेही ऐनच गिळलाय, फक्त साचा निराळा.

निवृत्त_कारकून :
मी छत्तीस वर्षं महसुलात काढली. दाखला, हुकूम, तक्रार, तपशील, मजकूर हे शब्द काढले तर माझी एक फाईल पुढे सरकली नसती. खेड्यातली म्हातारी 'दिनांक' म्हणत नाही, 'तारीख कधीची दिली?' विचारते. तिला तो शब्द परका वाटत नाही. मग तो परका कोणाला?

शब्दशुद्धी :
म्हातारीला सवय लावली गेली होती, काका. आज आपण दिनांकही सहज लिहितो. शब्द दिला तर रुजतो, हेच माझं म्हणणं आहे.

वर्धेची_माई :
मूळ प्रश्नाकडे कोणी बघेल का? आमच्याकडे तालीम म्हटलं की आखाडाच आठवतो असं नाही. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, सेवाग्रामला ती चालली. माझी आई त्या शाळेत सूत कातायला शिकली. तिच्या तोंडी तालीम म्हणजे शिक्षणच होतं. अनुवादिनीताई, 'तालीम घे' ठेवा.

अनुवादिनी :
माई, मन तिकडेच ओढतं. पण पुण्याचा वाचक वर्ध्याचा नाही. सध्या 'चार अक्षरं शीक, तालीम घे' असं केलंय. संपादकांचं उत्तर यायचंय.

पैलवान_करवीर :
परभणीकर, त्या तालीमचं तुम्ही सांगितलेलं पटलं. पण एक विचारतो. जाणतं करणं हा अर्थ असेल, तर शाळेला तालीम न म्हणता आखाड्यालाच का म्हणाले? आणि नाटकवाले सरावाला तालीम म्हणतात ते आमच्याकडून घेतलं की आधीपासून?

नवखा_वाचक :
आणि सर, 'मुकादम' आणि पाऊल या अर्थाचा 'कदम' एका घरातले का? क-द-म दिसतंय. साचा मात्र तुम्ही सांगितलेल्या तिन्हींतला नाही.