बाईंना चिठ्ठी : ‘काळजी’, ‘धास्ती’, ‘अस्वस्थ’ – कुठला शब्द कुणासाठी?

खानापूरची पालक
मुलगी आठवीत आहे. सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत होती, जूनपासून हायस्कूलला. मंगळवारी आणि शुक्रवारी कन्नडच्या तासाला उभं राहून धडा वाचायचा असतो, आणि गेले दोन आठवडे बरोबर त्याच दोन दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखतं. वर्गशिक्षिकांना चिठ्ठी द्यायची आहे. त्यांचं घरचं बोलणं कन्नड, पण मराठी चांगलं वाचतात. भाच्यानं इंग्रजीत मसुदा करून दिला. त्यात मुलगी ‘अँक्शस’, आम्ही ‘अनईझी’, पुढच्या चाचणीबद्दल ‘अप्रिहेन्सिव्ह’ आणि शेवटी ‘कन्सर्न्ड पेरेंट’ असे चार वेगळे शब्द आहेत. मला मराठीत चारही ठिकाणी ‘काळजी’च सुचतंय. मी लिहिलेलं असं :

‘मुलगी दोन आठवडे खूप अस्वस्थ आहे. आम्हाला आतंक वाटतो. वर्गात काहीतरी घडत असावे अशी शंका आहे. कृपया तिची काळजी घ्यावी. – संबंधित पालक.’

बरोबर आहे का?

निपाणीकर
‘अस्वस्थ’च्या जागी ‘चिंताग्रस्त’ घाला, चिठ्ठीला वजन येईल. बाकी ठीक. ‘संबंधित पालक’ तर अगदी बरोबर, ‘कन्सर्न्ड’ म्हणजे संबंधितच. सगळ्या सरकारी पत्रांत तसंच असतं.

शाईची दौत
निपाणीकर, अर्धं बरोबर. इंग्रजीत हा शब्द नामाच्या नंतर येतो तेव्हा त्याचा अर्थ संबंधित असतो, ‘टीचर कन्सर्न्ड’ म्हणजे ज्या शिक्षकांशी ते प्रकरण निगडित आहे ते शिक्षक. तोच शब्द नामाच्या आधी आला की बहुतेक वेळा काळजीत असलेला माणूस. भाच्यानं आधी ठेवलाय. आपल्याकडच्या ऑफिसातलं इंग्रजी हा फरक पाळत नाही, म्हणून गोंधळ होतो. मराठीत सही करताना दोन्ही नकोत. नुसतं ‘पालक’ लिहावं, खाली मुलीचं नाव, इयत्ता, तुकडी.

‘चिंताग्रस्त’ मात्र काढाच. तो बातमीतला शब्द आहे. ‘पूरग्रस्त’, ‘अपघातग्रस्त’च्या रांगेत बसतो. आठवीतल्या पोरीला तो लावला की मोठं संकट कोसळल्यासारखं वाटतं, आणि बाई पहिला प्रश्न विचारतील, घरी काय झालं?

हायस्कूलची बाई
अशा चिठ्ठ्या रोज वाचणारी म्हणून सांगते. ‘मुलगी अस्वस्थ आहे’ वाचून मी आजारपण समजेन. तिला स्टाफरूमशेजारी बसवीन, पाणी देईन, घरी फोन करीन. कन्नड घरातल्या बाईंचं तर तसं होणारच, कारण कन्नडमध्ये ‘अस्वस्थ’ म्हणजे सरळ आजारी. पेपरात पुढाऱ्याला दवाखान्यात नेलं की हाच शब्द छापतात. मराठीत मनाची घालमेल हा अर्थ आधी येतो. शब्द एकच, नदीच्या अलीकडे एक अर्थ आणि पलीकडे दुसरा. त्यातून पोटदुखीचाही उल्लेख असेल तर गैरसमज पक्का.

येळ्ळूरकर
‘आतंक’चंही तेच. कन्नडमध्ये आतंक म्हणजे मनाला लागलेली साधी काळजी, कुणी वेळेवर घरी आलं नाही तरी आतंक होतो. मराठीत मात्र आतंक म्हणजे दहशत. बेळगावात दोन्ही भाषा कानावर पडतात म्हणून तो लिहिताना हातून जातो. गंमत म्हणजे या बाईंना कदाचित बरोबर कळेल. पण चिठ्ठी मुख्याध्यापकांकडे गेली आणि ते मराठी असले तर त्यांना वाटेल वर्गात गुंडगिरी चाललीय.

असाच आणखी एक शब्द ‘कळवळ’. कन्नडमध्ये तो घालमेल, चिंता. मराठी ‘कळवळा’ म्हणजे दुसऱ्याबद्दलची दया. ‘मला मुलीचा कळवळा येतो’ लिहिलंत तर चिंता कळतच नाही, पोरगी बिचारी एवढंच कळतं.

भालकीचा
आमच्याकडे बीदर भागात सरळ ‘फिकर’ म्हणतात. ‘लेकीची फिकर लागली’. लिहा की तेच. माझ्या पोराला गणिताचे सर आवडत नाहीत म्हणून मी चिठ्ठी दिली, सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. आता काय करायचं?

शाईची दौत
भालकीचे, ‘फिकर’ बोलायला झकास, पण लेखी ‘फिकीर’ बहुधा नकारात येतं : त्याला कशाची फिकीर नाही, तुम्ही फिकीर करू नका. होकारात चिठ्ठीत लिहिलं तर थोडं सैल वाटतं. सरांचं प्रकरण वेगळं, ते शब्दांनी सुटणार नाही. समोर जाऊन बोला.

मूळ प्रश्नाकडे येते. ‘काळजी’ हा शब्द चांगलाच आहे, फक्त त्याच्यापुढचं क्रियापद सगळं ठरवतं. ‘काळजी वाटते’ ही माझी भावना. ‘काळजी लागली आहे’ म्हणजे तीच, पण सतत मागे लागलेली. ‘काळजी करते’ यात थोडं उगाचच, असा वास येतो. म्हणून तर ‘काळजी करू नका’ म्हणतात. आणि ‘काळजी घ्यावी’ ही भावनाच नाही, ते समोरच्याचं काम आहे. शिक्षिकेला ‘कृपया तिची काळजी घ्यावी’ लिहिलं की त्याच्या आत ‘आजवर घेतली नाहीत’ दडलेलं असतं. तुम्ही विनंती म्हणून लिहिलंत, वाचणाऱ्याला ठपका दिसेल. पोराला होस्टेलवर सोडताना वॉर्डनला म्हणायचं वाक्य ते.

येळ्ळूरकर
इथे एक भर. कन्नडमध्येही ‘काळजी’ आहे, पण तिथे त्याचा कल देखभालीकडे. ‘काळजी वहिसी’ म्हणजे लक्ष द्या. त्यामुळे बाईंना ‘काळजी’ दिसली की केअरच ऐकू येणार.

हायस्कूलची बाई
छापील कन्नडमध्ये असेल तसं. पण धारवाड-बेळगावकडच्या बोलण्यात ‘काळजी माडब्याड्री’ म्हणतात ते ‘चिंता करू नका’ याच अर्थानं. इथल्या बाईंना दोन्ही कळतं. ‘मला काळजी वाटते’ लिहिलं तर अडणार नाही.

येळ्ळूरकर
बाई इथल्याच असतील तर. बेंगळूर-म्हैसूरकडून बदलून आल्या असतील तर मी पैज लावायला तयार नाही.

निपाणीकर
बरं, मग पोरीसाठी कुठला शब्द? तिलाही ‘काळजी वाटते’ म्हणायचं का?

शाईची दौत
हाच खरा मुद्दा. काळजी बहुतेक दुसऱ्याची असते, आईला मुलीची. मुलीला स्वतःबद्दल जे वाटतं त्याला भीती, धास्ती, धाकधूक असे शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

धाकधूक थोड्या वेळाची, घटनेच्या तोंडावरची. निकाल लागायच्या आधी होते, लागला की संपते. अप्रिहेन्सिव्हला तोच शब्द जवळचा, दोन्हींची नजर पुढे येणाऱ्या गोष्टीवर आहे. ‘चाचणीची धाकधूक आहे’ लिहिलं तर नेहमीचंच समजून बाई पान उलटतील. धास्ती जास्त खोल, ती ‘घेतली’ जाते आणि टिकते. दर मंगळवारी-शुक्रवारी पोट दुखतं ही धास्ती. धसका त्याहून वेगळा, त्याच्या मागे एखादा प्रसंग असावा लागतो. कुणी हसलं, कुणी ओरडलं, आणि मुलीनं धसका घेतला. तुम्हाला असा प्रसंग ठाऊक नसेल तर ‘धसका’ लिहू नका, बाई प्रसंग शोधत बसतील.

अनईझीला एक शब्द शोधू नका. मराठीत तो भाव वाक्यानं येतो : जेवणावर लक्ष नसतं, मन लागत नाही, चैन पडत नाही. हुरहूर मात्र नको. ती माणूस दूर गेल्याची किंवा दिवस मावळतानाची असते, कन्नडच्या तासाची नव्हे.

अनगोळचा
धास्ती ‘कशाची’ ते षष्ठीत काय येतं त्यावर सगळं आहे. ‘तिनं कन्नडच्या बाईंची धास्ती घेतलीय’ आणि ‘तिनं वर्गात मोठ्यानं वाचायची धास्ती घेतलीय’. पहिल्यात आरोपी उभा राहिला, दुसऱ्यात अडचण. आमच्याकडे तर ‘पोरगी शाळेला जायला भ्यायलीय’ म्हणतील. तेही बोलायला बरं, पण त्यात सगळी शाळाच भीतीदायक ठरते. भीती एकाच तासाची आहे ना?

खानापूरची पालक
हो. बाकी तासांना हात वर करते म्हणतात. कन्नड बोलायला तेवढी अडत नाही, बाजारात बोलते. वाचताना जोडाक्षर आलं की थांबते आणि मागे कुणीतरी हसतं, एवढं तिनं सांगितलं.

हायस्कूलची बाई
मग हे वाक्य चिठ्ठीत हवंच. या एका ओळीवर मी काही करू शकते. ‘काहीतरी घडत असावे अशी शंका आहे’ यावर नाही. आणि ‘शंका आहे’ म्हणजे संशय आहे. कुणावर, ते उघडं राहतं, त्यामुळे वाचणारी स्वतःवरच घेते. वर्गात ‘शंका विचारा’ म्हणतो ती वेगळी. ‘असे तिने सांगितले’ लिहा, म्हणजे बोलणारी कोण ते कळतं.

कधीपासून, कुठल्या दिवशी, काय दिसतं, आणि माझ्याकडून काय हवं, एवढं असलं की भावनेचा शब्द एक पुरतो. ‘अत्यंत’, ‘खूपच’ नकोत.

शाईची दौत
मी असं लिहीन :

‘मा. वर्गशिक्षिका, स. न. वि. वि.
माझी मुलगी आठवी अ मध्ये आहे. गेले दोन आठवडे मंगळवारी व शुक्रवारी सकाळी तिच्या पोटात दुखते, इतर दिवशी नाही. कन्नडच्या तासाला उभे राहून वाचण्याची तिने धास्ती घेतली आहे. वाचताना अडखळल्यावर मुले हसतात, असे तिने सांगितले. मला तिची काळजी वाटते. काही दिवस तिला बसून किंवा आधी तयारी केलेला उतारा वाचू देता येईल का? भेटायला कधी येऊ ते कळवावे.
आपली, पालक’

भाच्याच्या चारांपैकी दोनच शब्द उरले, धास्ती मुलीला आणि काळजी आईला. इंग्रजीत द्यायची वेळ आली तर मुलीला ‘अँक्शस’ ठेवा, पण पुढे ‘अबाउट’ हवं. ‘टू’ आलं तर ती वाचायला उत्सुक आहे असा उलटा अर्थ होईल.

निपाणीकर
‘आपली’च्या आधी ‘कळावे’ राहिलं.

शाईची दौत
वरच्या ओळीत ‘कळवावे’ आहे, लगेच ‘कळावे’ कानाला खटकतं. घालायचंच तर वरचं ‘सांगावे’ करा.

खानापूरची पालक
‘मुले हसतात’ ठेवू का? त्यातली एक आमच्याच गल्लीतली आहे.

अनगोळचा
‘वर्गात हसू होते’ लिहा. कुणाचं नाव नाही, बोट नाही.

हायस्कूलची बाई
मला ‘मुले हसतात’ बरं वाटतं. ‘हसू होते’ वाचून मी म्हणेन, तिची ती समजूत असेल. पण गल्लीचं तुम्हाला जास्त कळतं.